पाऊण भाकरी

बाजार उघडायला आणि आमची व्हॅन निघायला एकच वेळ होती, सव्वानऊ. नळदुर्गात हायवेच्या कडेला एका धाब्यासमोर आम्ही सहाजणी उभ्या असायचो. सहाही जणी एकाच जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या, रोज अप-डाऊन करणाऱ्या. शेअरबाजाराशी आमचा संबंध यायचं खरं तर काही कारण नव्हतं. आमचा संबंध पोषण आहाराशी, ऑनलाइन माहिती भरण्याशी आणि केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपशी. पण मधल्या तेजीच्या काळात जो तो शहाणा झाला होता, त्यात आम्हीही झालो.

मी जन्मजात भित्री. विजा चमकल्या की टीव्हीची पिन काढणारी, गॅस बंद केला का हे दोनदा बघणारी. अशा बाईच्या नावावर सहाजणींचं डिमॅट खातं कसं झालं, याचं मला अजून नवल वाटतं. मी सातवीला गणित शिकवते, म्हणून हिशेब मला कळणार, असं बाकीच्यांनी परस्पर ठरवलं. गणित येणं आणि खातं नावावर असणं याचा काय संबंध, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. पण चारचौघींनी हुशार म्हटलं की माणूस फुगतो, तशी मी फुगले.

आधी आमची साधी भिशी होती. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता हातात पडला तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "दर महिन्याला चिठ्ठ्या काढीत बसण्यापरीस एकदाच लाख-लाख टाकू. माझा भाचा पुण्यात हेच करतो. पैसा लई वाढतो म्हणं." मोठ्या बाई म्हणजे आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ, आवाज खणखणीत, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. त्यांचा फरक पीएफला जमा झाला होता, म्हणून त्यांनी पीएफमधून काढून लाख दिले. असे सहाजणींचे सहा लाख झाले आणि भाच्यानं सांगितलेल्या पाच बारक्या कंपन्यांचे शेअर्स माझ्या नावावर आले.

भिशी मोडली, पण भिशीचा नियम तसाच राहिला. घरात दवाखाना निघाला, लग्न निघालं, कुणी निवृत्त झाली, तर तिची मुद्दल पूर्ण परत द्यायची, एकही प्रश्न विचारायचा नाही. भिशीत हे चालून जातं. तिथं पैसा असतो तेवढाच असतो, रोज कमी-जास्त होत नाही. बाजारातल्या पैशाला हा नियम लावताना सहा शिक्षिकांपैकी एकीच्याही डोक्यात शंका आली नाही, गणिताच्या बाईंच्या तर नाहीच. आणि पूर्ण म्हणजे कुणी द्यायचं? खातं ज्या बाईचं तिनं. खात्यात नसेल तर तिनं घरातून आणायचं. हे कुणी बोललं नव्हतं, पण आमच्या भागात ते बोलावं लागत नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग पडझड सुरू झाली. सहाचे साडेपाच झाले तेव्हा आम्ही हसलो. पाच झाले तेव्हा भाचा म्हणाला, थांबा. चारला आले तेव्हाही तो थांबाच म्हणाला, पण फोन उशिरा उचलायला लागला. व्हॅन धाब्यापासून निघाली की पाचजणी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघायच्या. पुढं पुलापाशी रेंज जायची आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. तेवढा वेळ मला बरं वाटायचं. पुलाच्या पलीकडे आकडा यायचा, बहुतेक आदल्या दिवसापेक्षा खालचा.

खातं तीन लाखांवर आलं त्या दिवशी मी फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि ते सोडवायचं विसरून तशीच उभी राहिले. माझ्या मनात एकच चाललं होतं, की या पाचजणी एकदम आल्या तर? पाच लाख द्यायचे आणि खात्यात तीन. वरचे दोन लाख मी कुठून आणू? घरी आमच्या ह्यांना भिशी आहे एवढंच ठाऊक होतं. कर्ज काढून बांधलेल्या घराचा हप्ता माझ्या पगारातून जात होता. मी दागिन्यांचा हिशेब करून बघितला आणि तोही पुरला नाही.

त्यानंतर एका आठवड्यात शेअर्स दहा टक्के चढले. चौथीच्या बाईंनी व्हॅनमध्ये पेढे वाटले. चौथीच्या बाई म्हणजे गोड बोलून काम करून घेणाऱ्या, मनानं चांगल्या. त्या म्हणाल्या, "पन्नास टक्के पडलंय, त्यातलं दहा टक्के भरलं. राहिलं चाळीस. असे चार आठवडे गेले की झालं की नाही?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. दहा टक्के चढून तीनचे तीन लाख तीस हजार झाले होते, सहाला अजून दोन लाख सत्तर हजार कमी होते, आणि या बायका चार आठवड्यांत पार होणार होत्या. पेढा तोंडात फिरायला लागला. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर या असंच समजत राहतील आणि एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणतील, पन्नास टक्के तर भरले, आमचे पैसे कुठं आहेत?

दुपारी डबे उघडल्यावर मी माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी हातात घेतली. "हे आपले सहा लाख," मी म्हणाले आणि तिचे दोन तुकडे केले. अर्धी मोठ्या बाईंच्या ताटलीत टाकली. "पन्नास टक्के पडले. उरली अर्धी. आता पन्नास टक्के वाढवा."

"मग ती अर्धी आण की परत," चौथीच्या बाई म्हणाल्या.

"तशी येत नाही. पडले तेव्हा ते अख्ख्या भाकरीचे पन्नास टक्के होते. आता हातात अर्धीच आहे. वाढायचं तर या अर्धीचे पन्नास टक्के वाढणार." मी चौथीच्या बाईंच्या भाकरीतला चतकोर मोडून माझ्या अर्ध्या भाकरीला लावला. "किती झाली?"

सातवीतलं पोरगंसुद्धा सांगेल असं उत्तर होतं. पहिलीच्या बाई, आमच्यातल्या सर्वांत लहान, हळू आवाजात म्हणाल्या, "पाऊण."

"पाऊण. पन्नास टक्के वाढून साडेचार लाख. सहा व्हायला या अर्धीएवढीच दुसरी अर्धी लागते. म्हणजे उरलेल्याच्या शंभर टक्के. दुप्पट." मला थांबता येईना. भीती वाटली की मी जास्त बोलते. "दहा टक्के पडलं तर अकराच्या जरा वर चढून भागतं. वीस पडलं तर पंचवीस लागतात. पन्नास पडलं की शंभर. आणि आणखी पडून चतकोर उरली, तर तीनशे टक्के. जेवढं खाली जावं तेवढी वरची वाट लांबत जाते. वर्षाला दहा टक्के धरले तर दुप्पट व्हायला सात-साडेसात वर्षं."

"सात वर्षं?" मोठ्या बाई ओरडल्या. "मी येत्या मे महिन्यात रिटायर होनाराय!"

त्यांनी ताटलीतली माझी अर्धी भाकरी उचलली आणि भाजीला लावून रागानं खाऊन टाकली. मला तेव्हा हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आता त्यांना कळलं होतं, आणि कळलेली माणसं जास्त घाबरतात. घाबरलेलं माणूस आधी आपले पैसे मागतं. मी त्यांना शहाणं करून स्वतःचाच घात केला की काय, असं वाटून मी उरलेला डबा तसाच बंद केला.

पुढच्या काही दिवसांत ते दहा टक्केही गेले आणि खातं पुन्हा तीनवर आलं. आणि मग एका सकाळी धाब्यासमोर आम्ही पाचचजणी उभ्या होतो. पहिलीच्या बाई आल्या नव्हत्या. त्यांचा फोन आला तो सोलापुरातून. नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, रातोरात नेलं, तीन नसा बंद निघाल्या. बायपास करायला सांगितलं होतं. सरकारकडून वैद्यकीय बिल पुढं कधी मंजूर होईल तेव्हा होईल, आधी पैसे भरायचे होते.

"ताई, माझा लाख मिळंल का?" त्यांनी विचारलं. मागून दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. "परवापर्यंत भरा म्हणालेत. बाकीचं भावानं जमवलंय."

"मिळेल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? लगेच लाखाचे शेअर्स विकले. विकल्याचे पैसे दुसऱ्या दिवशी मोकळे होतात, मग काढायची मागणी टाकली की बँकेत येतात.

व्हॅनमध्ये बसल्यावर चौथीच्या बाईंनी पहिल्यांदाच गोड न बोलता विचारलं, "लाख कुठला? तिचा लाख राहिलाय कुठं? सगळ्यांचे पन्नास झालेत, तसे तिचेही पन्नासच."

त्यांचं बरोबर होतं. तीनातून एक गेला तर दोन उरतात आणि मागणाऱ्या पाच. दोनाचे पाच व्हायला दीडशे टक्के लागतात. तिला पन्नास दिले असते तर अडीच उरले असते आणि पाच व्हायला शंभरच टक्के लागले असते, होते तेवढेच. एकीला पूर्ण दिलं की बाकीच्या पाचजणी आणखी खोल जाणार होत्या. मी हे त्यांना बोलून दाखवलं. पन्नास हजारांत बायपास होत नाही हेही तेवढंच खरं होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम. लाख म्हनलं की लाख. उद्या मला मे महिन्यात पन्नासच देशीला काय?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर हिचं दीडशे टक्क्याचं बी खरं हाय. ते कुठनं आणायचं? म्या मघाशीच भाच्याला फोन लावला."

भाच्यानं सांगितलेलं असं होतं. दुसऱ्या दिवशी ऑप्शनची एक्सपायरी होती, म्हणजे त्या सौद्यांचा शेवटचा दिवस. चाळीस रुपयांना एक कॉल, म्हणजे बाजार चढेल यावर लावलेली पैज, मिळत होता. बाजार थोडा वर गेला की तो दुपारपर्यंत ऐंशी होणार, लाखाचे दोन लाख. एक लाख दवाखान्यात, एक लाख पुन्हा खात्यात. आणि बाजार वर गेला नाही तर? त्याचं उत्तर भाच्यानं सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. चाळीसचा शून्य. सगळा लाख.

"दुप्पट पायजे म्हणून तूच भाकरी मोडून दावलीस ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मग दुप्पट व्हायची वाट तो दावतोय, तर तोंड कशाला पाडतीस?"

मला त्या क्षणी जी भीती वाटली ती आधीच्या सगळ्या भीतीपेक्षा वेगळी होती. आधी मला आकड्यांची भीती वाटत होती, आता आमचीच वाटली. सात वर्षं कुणाजवळ नसतात, म्हणून माणूस एका दुपारी शंभर टक्के शोधायला जातो. आणि सर्वांत वाईट म्हणजे माझ्याही मनात आलं, की होईलही. झालं तर मी सुटेन.

दुसऱ्या दिवशी लाख मोकळे झाले. मोठ्या बाईंनी पाचजणींचं मत घेतलं. तिघी हो म्हणाल्या, चौथीच्या बाई मान खाली घालून बसल्या. मी काहीच बोलले नाही. शाळेत पोचल्यावर सातवीला शुद्धलेखन दिलं आणि व्हरांड्याच्या त्या कोपऱ्यात गेले जिथं रेंज येते. मोबाईलवर एकाच पानावर दोन गोष्टी होत्या. वर सौदा करायचं बटण, खाली पैसे काढायचं. अंगठा नको त्यावर पडेल म्हणून मी मोबाईल कठड्यावर ठेवला.

मोठ्या बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "घेतलं का? बेचाळीस झालं बघ."

"बाई, हे गेले तर तिला काय सांगायचं?"

"जात न्हाय."

"आणि गेले तर?"

"तू लई भित्री हाईस." त्या चिडल्या होत्या, पण त्यांचेही ओठ कोरडे पडले होते. "जन्मभर भीतच मरणार हाईस तू. दाब ते."

मी पैसे काढायचं बटण दाबलं. धाडस नव्हतं ते. एका बाजूला मोठ्या बाईंची भीती होती आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्यात पहिलीच्या बाईंना फोन करून "गेले" म्हणायची भीती. दुसरी जास्त होती, एवढंच. मागणी गेल्याचा मेसेज आला. मोठ्या बाई वळून वर्गावर गेल्या.

मग दिवसभर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मधल्या सुट्टीपर्यंत तो कॉल साठावर होता. जेवणं झाली तेव्हा पंच्याण्णव. कुणी डब्यातलं एकमेकींना वाढलं नाही. शाळा सुटायच्या आधी तो एकशे दहावर बंद झाला. आम्ही घेतला असता तर लाखाचे अडीच लाखांच्या वर झाले असते. भाचा बरोबर निघाला आणि मी चूक. परतीच्या व्हॅनमध्ये मोठ्या बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि धाब्यापाशी उतरताना एवढंच म्हणाल्या, "बुडवलंस आम्हाला."

घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बरोबर केलं असं मला त्या दिवशी अजिबात वाटलं नाही. पुन्हा तसाच लाख हातात आला, तर मी पुन्हा तेच बटण दाबेन का, हेही मला सांगता येत नव्हतं.

पैसे वेळेत पोचले. ऑपरेशन झालं. सुट्टी संपवून पहिलीच्या बाई परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण हातात पेढ्यांचा पुडा होता. प्रत्येकीच्या हातात दोन-दोन पेढे ठेवत म्हणाल्या, "आपला नियम लई चांगला हाय बघा. अडीनडीला पुरता लाख मिळाला. आता कुठवर आलंय आपलं?"

मी मोठ्या बाईंकडे बघितलं. माझ्याशी त्या दिवसापासून त्या कामापुरतंच बोलत होत्या. मला वाटलं आता सगळं बाहेर काढणार, तुझ्यापायी आम्ही दीडशेच्या खड्ड्यात गेलो म्हणणार. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "येतंय हळूहळू. तू नवऱ्याकडं बघ." नंतर पायऱ्यांवर मला गाठून दटावलं, "तिला एक अक्षर सांगशील तर बघ."

तरी माझी धाकधूक गेली नाही, वाढलीच. मे जवळ येत होता. खातं कधी दोनच्या वर जरा जायचं, कधी खाली, फिरून दोनवर. नियमाप्रमाणं निवृत्तीला मोठ्या बाईंना पूर्ण लाख द्यायचा होता. दोनातून तो गेला की एक उरणार आणि मागणाऱ्या चौघी, मी धरून. एकाचे चार. तीनशे टक्के. वर्षाला दहा टक्क्यांनी ते व्हायला चौदा-पंधरा वर्षं लागतात. तेवढं कोण थांबणार? त्यानंतर जी मागेल तिला मला घरातून द्यावं लागणार होतं. एकदा आमच्या ह्यांना सांगायला मी तोंड उघडलं, आणि पाणी आलंय का विचारून गप्प बसले.

निरोप समारंभ सुट्टी लागायच्या आधीच उरकला. शाल, नारळ, मुलांची भाषणं. मोठ्या बाई भाषणात कुणाचं नाव घेतील नि कुणाचं वगळतील याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. मी मागच्या खुर्चीवर बसून एकच विचार करत होते, की आज मागणार. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बोटानं खुणावलं. आम्ही व्हरांड्याच्या त्याच कोपऱ्यात गेलो, जिथं रेंज येते.

"माझं काय करायचं?" त्या म्हणाल्या.

"नियमाप्रमाणं लाख, बाई." मी म्हणाले. "विकायला टाकते. परवा मिळतील."

"म्या लाख नेला तर तुमच्या चौघींचं काय होतंय?"

मी सांगितलं. एक उरणार, चार पाहिजेत, तीनशे टक्के.

"आन् वाट्याप्रमाणं नेलं तर?"

"दोनाचे पाच वाटे. तुमचे चाळीस हजार." मी मनात पुढं मांडलं आणि मांडता मांडता थांबले. "एक लाख साठ हजार उरतील. चौघींचे चार लाख. अजून दीडशेच टक्के. होते तेवढेच."

"म्हणजे हलत न्हाय."

"नाही. वाट्याप्रमाणं काढलं की टक्का हलत नाही."

त्या मैदानाकडे वळल्या. शाल खांद्यावरून घसरली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चाळीसच टाक."

"बाई, तुमचा लाख आहे. पीएफमधून काढलेला."

"मला ठावं न्हाय व्हय?" त्या एकदम कडाडल्या. "साठ हजार गेल्याचं दुखतंय मला, दुखणार न्हाय तर काय! आन् तुझ्यावरचा राग बी गेला न्हाय. त्या दिवशी दाबलं असतंस तर आज ही वेळच आली नसती." मग आवाज खाली आला. "पर आता घरी बसायचं तर मला पेन्शन हाय. एक तारखेला बँकेत येतीय, बाजार वर असू दे न्हाय तर खाली. तुम्हाला कुठं हाय पेन्शन? दोन हजार पाचनंतर लागलेल्या तुम्ही पोरी, जुनी पेन्शन बंद झाल्यावरच्या. तुमच्या पगारातनं दर महिन्याला कापत्यात ते कुठं जातंय? त्याच बाजारात ना?"

मी मान हलवली. इतके महिने मी सहा लाखांच्या भीतीनं झोपले नव्हते, आणि माझं सगळं म्हातारपण त्याच बाजारात ठेवलेलं आहे, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. ते निम्म्यावर आलं तर दुप्पट व्हायला मीही कुठून वर्षं आणणार होते? भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

त्यांनी ते बघितलं असावं. माझा हात धरला, पहिल्यांदाच. त्यांचा हात गार पडला होता. "म्या बी त्या दिवशी लई भ्याले होते," त्या म्हणाल्या. "म्हणून दाब-दाब म्हणत होते."

मी त्यांच्यासमोरच चाळीस हजारांचे शेअर्स विकायला टाकले. त्यांनी चष्मा वर करून पडद्यात बघितलं, जणू मुलाचा पेपर तपासत होत्या.

"दीडशेच का?"

"दीडशेच, बाई."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि शाल सावरून व्हॅनकडे चालायला लागल्या.